दोन पानांचं पत्र, एक परिच्छेद

सकाळी ९.३०

अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सवाल्यांची शटर वर जायच्या सुमाराला मी ऑफिस उघडते. पासपोर्ट आणि व्हिसाचे अर्ज भरून देणं, कागद लावून देणं हे माझं काम. त्यात सगळ्यात जास्त वेळ कशाला जातो, तर अर्जासोबतचं पत्र लहान करण्याला. लोक ते लिहून आणतात तेव्हा दोन पानांचं असतं आणि परत जाताना एका परिच्छेदाचं झालेलं असतं. आज कराडहून गुरुजी आणि काकू येणार आहेत. मुलगी म्युनिकला असते, तिच्या बाळंतपणासाठी दोघं जाणार आहेत. परवा सकाळी व्हिसा केंद्रातली अपॉइंटमेंट आहे, म्हणजे हातात दोनच दिवस.

ते यायच्या आधी मी एका कागदावर तीन रकाने आखून ठेवते. पहिल्यात पत्रातलं वाक्य, दुसऱ्यात ते अर्जाच्या कुठल्या प्रश्नात आधीच आलं आहे, तिसऱ्यात त्याला आधार देणारा कागद. दुसरा रकाना भरला आणि तिसरा रिकामा राहिला, तर ते वाक्य बहुतेक जातं. दोन्ही रिकामे राहिले, तर एकतर कागद शोधायचा नाहीतर वाक्य सोडायचं.

सकाळी १०.१५

गुरुजींनी पत्र वळणदार अक्षरात, इंग्रजीत लिहून आणलंय. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी, मिळालेले पुरस्कार, मुलीचं शिक्षण, जावयांची नोकरी, पहिलं नातवंड, जर्मन लोकांच्या शिस्तीबद्दलचा आदर, आम्ही कायद्याचं पालन करू अशी हमी आणि शेवटी नम्र विनंती. भाषेची एकही चूक नाही. बोलूनचालून मास्तरांचं पत्र.

"ताई, यातलं काय काढायचं?" त्यांनी आल्या आल्या विचारलं. भाच्याने त्यांना आधीच सांगितलं असावं.

मी त्यांना हे पत्र कोण वाचतं ते सांगितलं. पुण्यातलं केंद्र कागद स्वीकारतं, बोटांचे ठसे घेतं आणि फाइल मुंबईला जर्मन वाणिज्य दूतावासाकडे पाठवतं. केंद्रातला माणूस निर्णय घेत नाही. निर्णय घेणारा अधिकारी फाइल उघडतो तेव्हा तुम्ही समोर नसता. त्याला ठरलेल्या गोष्टी तपासायच्या असतात : कशासाठी जाणार, किती दिवस, राहायचं कुठे, पैसे कोण देणार, परत येणार कशावरून. शेंगेन व्हिसाचा २००९ चा कायदा आहे, त्यात हेच मुद्दे आहेत आणि व्हिसा नाकारताना जो छापील फॉर्म देतात, त्यातली कारणंही याच मुद्द्यांवर बेतलेली आहेत. 'प्रवासाचा हेतू आणि राहण्याच्या अटी सिद्ध झाल्या नाहीत' हे त्यातलं एक कारण. पत्रात हेतू सुंदर लिहिला म्हणून तो सिद्ध होत नाही, तो कागदाने होतो. त्या कागदापर्यंत अधिकाऱ्याला झटकन पोचवणं एवढंच पत्राचं काम.

गुरुजींनी मान डोलावली, पण पुरस्कारांच्या ओळीवरून बोट काढलं नाही. मी ती ओळ लगेच खोडली नाही. आपण एकेक वाक्य रकान्यात घालू, मग तुम्हीच ठरवा, असं म्हटलं. ही पद्धत मला महत्त्वाची वाटते. अर्जाखाली सही त्यांची असते. आपल्या पत्रातून काय गेलं आणि का गेलं हे अर्जदाराला माहीत असायलाच हवं. मुलाखतीला बोलावलं किंवा फोन आला, तर उत्तर त्यालाच द्यायचं असतं.

सकाळी ११

नाव, जन्मतारीख, पत्ता, पासपोर्ट क्रमांक, व्यवसाय, जावयांचं नाव आणि पत्ता हे सगळं अर्जात आहे. त्यामुळे पत्राचा पहिला परिच्छेद जवळजवळ संपला. पासपोर्ट क्रमांक तेवढा ठेवला, पत्र फाइलपासून सुटं झालं तर कामाला येतो. नोकरीची वर्षं आणि पुरस्कार यांचा या प्रवासाच्या एकाही मुद्द्याशी संबंध नाही. पेन्शनचा आहे, कारण ती दरमहा खात्यात जमा होते आणि बँकेच्या स्टेटमेंटवर दिसते. म्हणून 'निवृत्त शिक्षक, दरमहा पेन्शन' एवढं राहिलं आणि त्यासमोर पेन्शन पेमेंट ऑर्डरची प्रत व तीन महिन्यांचं स्टेटमेंट आलं. इथे गुरुजींनी स्वतःच बोट उचललं.

कायद्याचं पालन करू, वेळेत परत येऊ या हमीला कागद नाही, आणि असं तर प्रत्येकच जण लिहितो. त्याऐवजी काय लावता येईल ते बघितलं. परत येण्याची खात्री पटवणाऱ्या कागदांमध्ये स्थावर मालमत्ता, नियमित उत्पन्न आणि घरची माणसं हे सगळं धरतात. गुरुजींनी सातबाऱ्याचे बरेच उतारे आणि चार्टर्ड अकाउंटंटकडून करून घेतलेलं मालमत्तेचं मूल्यांकन आणलं होतं. सातबारा मराठीत असतो, म्हणजे प्रत्येकाचं इंग्रजी भाषांतर आलं. मी कराडच्या घराची चालू वर्षाची घरपट्टीची पावती भाषांतरासह घेतली, सातबारा एकच ठेवला आणि मूल्यांकन परत दिलं. घर आहे आणि कर भरलेला आहे, हे पावतीवरून कळतं. किंमत किती हा या अर्जात प्रश्नच नाही, कारण तिकडचा खर्च जावई करणार आहेत.

बाळंतपणाचं काय करायचं, यावर मात्र आम्ही बराच वेळ बोललो. बाळंतपणाचा उल्लेखच करू नका, अधिकाऱ्याला वाटेल कामाला येताहेत, असं काकूंना कुणीतरी सांगितलं होतं. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. एक तर खरं कारण लपवायचं नाही, हा माझ्या टेबलावरचा पहिला नियम. आणि या फाइलमध्ये नुसतं 'मुलीला भेटायला' म्हटलं, तर पंचाहत्तर दिवस जास्त वाटतात. प्रसूतीची अंदाजे तारीख समोर असली की तेच दिवस समजतात : तारखेच्या अडीच आठवडे आधी पोचायचं आणि बाळ साधारण आठ आठवड्यांचं होईपर्यंत थांबायचं. दोन पानांत या मुक्कामाचं कारण सांगणारी एकच गोष्ट होती आणि ती दुसऱ्या पानावर, जर्मन शिस्तीच्या खाली दबली होती. ती वर आणली. मुलीकडून तिथल्या डॉक्टरांचा अंदाजे तारखेचा दाखला ईमेलने आलेला होता, तो तिसऱ्या रकान्यात गेला.

अर्जात प्रवासाच्या हेतूच्या चौकटी असतात : पर्यटन, व्यवसाय, कुटुंबीय किंवा मित्रांची भेट, वैद्यकीय कारण वगैरे. गुरुजींच्या भाच्याने अर्ज ऑनलाइन भरताना बाळंतपण म्हणून 'वैद्यकीय कारण' निवडलं होतं. ती चौकट अर्जदाराच्या स्वतःच्या उपचारांसाठी. दुरुस्त करून 'कुटुंबीयांची भेट' केलं आणि पत्रातही तेच शब्द घेतले. अर्जात एक हेतू आणि पत्रात दुसरा, असं झालं की अधिकाऱ्याला थांबून विचार करावा लागतो.

दुपारी १२.३०

आता तारखा. पत्रात 'आम्ही २३ एप्रिलला निघून ७ जुलैला परत येऊ' असं होतं. वाचताना काही खटकत नाही. पण परिच्छेदात '२३ एप्रिल ते ७ जुलै' लिहून समोर तिकीट आणि विमा मांडला, तेव्हा तिन्ही कागदांवर वेगळ्याच तारखा निघाल्या.

विमान मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतं. म्हणजे कराडचं घर सोडायचं २३ ला, पण विमानाची तारीख २४ आणि म्युनिकला उतरायची तारीखही २४ एप्रिल. परतीचं विमान ७ जुलैला संध्याकाळी म्युनिकहून निघतं. व्हिसासाठी शेंगेन क्षेत्रात पाऊल ठेवल्याचा दिवस आणि तिथून निघाल्याचा दिवस धरायचे आणि दोन्ही दिवस मोजायचे. एप्रिलचे ७, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ७. बरोबर ७५. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, तेव्हा तिकडून अडचण नाही.

अडचण विम्यात होती. गुरुजींच्या मुलाने वडिलांच्या पत्रातली २३ तारीख घेतली आणि पंचाहत्तर दिवसांचा विमा काढला. तो ६ जुलैला रात्री संपतो. म्हणजे ७ जुलैला विमानतळावर दोघं विम्याविना. प्रवासी आरोग्य विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस झाकणारा लागतो. एका दिवसाची ही कमतरता दोन पानांच्या मजकुरात आम्हा कुणालाच दिसली नव्हती. तारखा एकाखाली एक आल्यावर गुरुजींनीच ती पकडली, पेपर तपासल्यासारखी. मुलाला फोन लावला. प्रवास सुरू झालेला नसल्याने विमा कंपनी मुदत वाढवून नवं प्रमाणपत्र देईल, असं त्याने चौकशी करून अर्ध्या तासात कळवलं.

जावयांच्या ऑब्लिगेशन लेटरवर मात्र २४ एप्रिलच होती. हे पत्र तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन, पगाराचे कागद दाखवून, अधिकाऱ्यासमोर सही करून मिळतं. पाहुण्यांचा सगळा खर्च उचलण्याची ती कायदेशीर हमी असते. अर्ज देताना ते सहा महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. हे फेब्रुवारीतलं आहे.

दुपारी १.४५

डबा खाता खाता एक पासपोर्टचं काम उरकलं. लातूरचा मुलगा, इथे शिकायला असतो. पोलीस पडताळणीच्या वेळी तो परीक्षेनंतर गावी गेला होता, म्हणून 'दिलेल्या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा गेला आणि पासपोर्ट कार्यालयाचं खुलासा मागणारं पत्र आलं. त्याने पानभर दिलगिरी लिहिली होती. पासपोर्टच्या साध्या अर्जाला वेगळं पत्र लागतच नाही, पण असा खुलासा मागितला की लागतं, आणि तिथे सगळ्यात वर फाइल क्रमांक आणि त्यांच्या पत्राची तारीख लिहायची असते. बाकी चार ओळी पुरल्या : त्या तारखांना मी सुट्टीत गावी होतो, पुण्यातला पत्ता तोच आहे, सोबत वसतिगृहाचा दाखला, कॉलेजचं बोनाफाइड आणि परीक्षेचं वेळापत्रक, फेरपडताळणी व्हावी ही विनंती. वेळापत्रक जोडायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, पण गावी का गेला होता हे सांगणारा कागद तोच.

दुपारी २.३०

दोन पासपोर्ट म्हणजे दोन अर्ज आणि दोन स्वतंत्र फाइली. नवरा-बायको एकत्र जाणार असले तरी काकूंच्या फाइलला त्यांचं स्वतःचं पत्र लागतं. बरेच जण एकाच पत्राच्या दोन प्रती काढतात आणि मग काकूंच्या फाइलमध्ये 'माझी पत्नी' असं वाचायला मिळतं. मी काकूंचं पत्र वेगळं करायला घेतलं आणि नात्याच्या पुराव्यापाशी थांबले.

आई-मुलीचं नातं दाखवायला मुलीच्या पासपोर्टचं शेवटचं पान सगळ्यात सोपं, त्यावर आई-वडिलांची नावं असतात. वडिलांचं नाव जुळलं. आईचं नाव काकूंच्या पासपोर्टवरच्या नावापेक्षा वेगळंच होतं. गुरुजी म्हणाले, "ते लग्नातलं नाव. माहेरचं दुसरं होतं." लग्नात मुलीचं आडनावच नव्हे, पहिलं नावही बदलायची रीत आपल्याकडे घरोघरी होती. काकूंचा पासपोर्ट शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून काढलेला, तिथे माहेरचं नाव. मुलीच्या कागदांवर सासरचं. घरात गेली कित्येक वर्षं दोन्ही नावं नांदतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मुंबईतल्या टेबलावर मात्र त्या दोन वेगळ्या बायका ठरतात, आणि मग ही मुलगी यांची कशावरून, हा प्रश्न उभा राहतो.

दोन पानी पत्रात 'माझी पत्नी' आणि 'आमची कन्या' असे शब्द होते, नावं नव्हती. त्यामुळे ही फट झाकली गेली होती. जोडपत्रांची यादी करायला बसल्यावाचून ती उघडी पडली नसती.

काकूंना वाटलं आता सगळं अडलं. तसं नसतं. लग्नाची नोंदणी त्यांनी पासपोर्टच्या वेळी करून घेतलेली होती, तो दाखला पिशवीतच होता. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र आमच्या सहायक मुलीने टाइप केलं आणि काकूंना घेऊन ती शिवाजीनगरला नोटरीकडे गेली. पत्रात त्यासाठी एक वाक्य वाढवलं. पत्र लहान करताना मी आपणहून वाक्य वाढवते ते अशाच जागी : दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत आणि का जुळत नाहीत हे तिसरा कागद सांगतो, तेव्हा. ही विसंगती अधिकाऱ्याने शोधून काढण्यापेक्षा आपण दाखवून दिलेली बरी.

दुपारी ४

आता लिहायला घेतलं. प्रत्यक्ष पत्र इंग्रजीत गेलं. गुरुजींच्या फाइलमधला मजकूर मराठीत असा :

'विषय : कुटुंबीयांच्या भेटीसाठी अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा, २४ एप्रिल ते ७ जुलै, ७५ दिवस. मी निवृत्त शिक्षक असून पत्नीसह म्युनिक येथे मुलगी व जावयांकडे राहायला जात आहे. मुलीच्या प्रसूतीची अंदाजे तारीख १२ मे आहे. सोबत अर्ज व घोषणापत्र (१), पासपोर्ट (२), जाण्या-येण्याचं आरक्षण (३), खर्च व निवासाबाबत जावयांचं ऑब्लिगेशन लेटर, मूळ प्रत (४), मुक्कामाच्या पूर्ण काळाचा विमा (५), मुलगी व जावयांच्या पासपोर्ट आणि निवास परवान्याच्या प्रती व डॉक्टरांचा दाखला (६), पेन्शन ऑर्डर व तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट (७), कराड येथील घराची करपावती व जमिनीचा उतारा, भाषांतरासह (८) जोडले आहेत. पत्नीचा अर्ज याच दिवशी स्वतंत्रपणे सादर करत आहे.'

खाली सही, पासपोर्ट क्रमांक, फोन. संपलं.

काकूंच्या पत्रात जोडपत्रांचे दोन फरक. ऑब्लिगेशन लेटर दोघांचं मिळून एकच, मूळ प्रतही एकच. म्हणून तिथे चौथ्या क्रमांकावर 'प्रत. मूळ कागद पतीच्या फाइलमध्ये' आणि पतीचा पासपोर्ट क्रमांक. आणि शेवटी नववं जोडपत्र : 'मुलीच्या पासपोर्टवर माझं विवाहानंतरचं नाव आहे, दोन्ही नावं माझीच असल्याचं प्रतिज्ञापत्र व विवाह नोंदणी दाखला सोबत (९).'

मग प्रत्येक कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने क्रमांक टाकले. पेनाने नाही, मूळ कागद खराब करायचे नाहीत. स्टेटमेंटवर पेन्शन जमा झाल्याच्या तीन ओळींसमोर छोटी पेन्सिलची खूण केली. केंद्रात आपल्या यादीप्रमाणे कागद पुन्हा लावतात, कधी क्रम बदलतो. कोपऱ्यातला आकडा असला की पत्र आणि कागद यांचं नातं तुटत नाही.

संध्याकाळी ५.१५

एक तरुणी आली. मैत्रिणीकडे फ्रान्सला जायचं होतं, मागच्या वर्षी व्हिसा नाकारला गेला होता. नकाराच्या फॉर्मवर हेतू सिद्ध न झाल्याच्या चौकटीत खूण. नव्या पत्रात मागच्या नकाराबद्दल काही बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. नकार त्यांच्या नोंदीत असतोच. म्हणून तिच्या परिच्छेदाचं पहिलंच वाक्य ते झालं : अमुक तारखेला नाकारलं, कारण हे, आणि या वेळी मैत्रिणीचं निवासाचं प्रमाणपत्र व कंपनीचं रजेचं पत्र नव्याने जोडलं आहे. तिथल्या महापालिकेकडून यजमानाला मिळणारं ते प्रमाणपत्र मागच्या वेळी नव्हतं, फक्त मैत्रिणीचं प्रेमळ, लांबलचक निमंत्रण होतं. प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. ते आल्याशिवाय मी पत्र पूर्ण करणार नाही, असं तिला स्पष्ट सांगितलं. कागदच नसेल तर पत्र कितीही नेटकं लिहिलं तरी भागत नाही, उलट नेटक्या पत्रात ती उणीव आधी नजरेत भरते. तिने अपॉइंटमेंट पुढे ढकलली.

संध्याकाळी ६.३०

नोटरीचं काम झालं. काकू प्रतिज्ञापत्र घेऊन आल्या, मी दोन्ही नावांची स्पेलिंग अक्षर अक्षर लावून पाहिली. मग शेवटची फेरी : सहायक मुलगी पत्र मोठ्याने वाचते, गुरुजी तो तो कागद उचलून दाखवतात, मी फक्त तारखा बघते. पाचव्या क्रमांकावर ती थांबली. विम्याचं नवं प्रमाणपत्र अजून आलं नव्हतं.

ते सात वाजून गेल्यावर मुलाच्या ईमेलने आलं. २४ एप्रिल ते ७ जुलै, दोघांच्या नावाने वेगवेगळं, पासपोर्टवरच्याच स्पेलिंगमध्ये. छापून दोन्ही फाइलींत लावलं आणि जुनं प्रमाणपत्र काढून गुरुजींच्या हातात दिलं. "हे परवा बरोबर आणू नका," मी म्हटलं. "चुकून आत गेलं तर फाइलमध्ये दोन विमे आणि दोन शेवटच्या तारखा होतील." त्यांनी ते तिथेच फाडलं. मूळ पासपोर्ट, ऑब्लिगेशन लेटर आणि अपॉइंटमेंटची चिठ्ठी वेगळ्या पाकिटात घातली आणि परवा किती वाजता निघायचं ते काकू भाच्याला फोनवर सांगू लागल्या.